पंधराव्या रेषेवरची मुलगी

मोसम नदीच्या काठी वसलेले नामपूर हे बागलाणातले बाजारपेठेचे गाव असल्यामुळे तोलणे ही क्रिया इथल्या माणसाच्या नित्याच्या सरावाची आहे. कांद्याचा हंगाम असो की डाळिंबाचा, काट्यावर जे अधिक भरेल त्याचे मोल अधिक, हा हिशेब लहानपणापासूनच डोक्यात पक्का बसलेला असतो. आणि म्हणूनच कदाचित, पाळण्यातल्या जिवाला काट्यावर ठेवण्याची वेळ येते तेव्हा तोच हिशेब नकळत त्यालाही लावला जातो. माझ्या भाचीची मुलगी नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लशीसाठी नेली, त्या दिवशी लस टोचण्यापूर्वी तिचे वजन झाले, कार्डावरच्या तक्त्यात एक ठिपका पडला, आणि त्या ठिपक्याचा खुलासा म्हणून सिस्टरांनी एक लहानशी चिठ्ठी लिहून कार्डात ठेवून दिली. ती चिठ्ठी घरी आली आणि घराची झोप उडाली.

चिठ्ठीचा मजकूर असा होता:

«मुलीचे वय 9 महिने पूर्ण. वजन 7 किलो 300 ग्रॅम. तक्त्यावर 15 वी रेषा. म्हणजे याच वयाच्या 100 निरोगी मुली हलकीपासून भारीपर्यंत ओळीने उभ्या केल्या, तर आपली मुलगी साधारण पंधराव्या जागी येईल. हे गुण नाहीत. सहाव्या महिन्यात वजन 6 किलो 400 होते, तेव्हाही हीच रेषा होती. ती आपल्या रेषेने चालली आहे. अंगावरचे दूध चालू ठेवा, वरचे जेवण दिवसातून तीन-चार वेळा द्या. पुढच्या महिन्यात वजनाला आणा. मध्ये जुलाब किंवा ताप आला, खाणे सुटले, तर महिना संपायची वाट पाहू नका.»

इतका स्वच्छ मजकूर असूनही वाचणाऱ्याची नजर एकाच आकड्यावर खिळली. आमचे जावई प्रवेशपरीक्षेच्या पिढीचे. पर्सेंटाइल हा शब्द त्यांनी निकालपत्रावर पाहिलेला, आणि तिथे पंधरा म्हणजे काय याची धास्ती त्यांच्या मनात अजून ताजी. आजींना आकड्याचे सोयरसुतक नव्हते, परंतु त्यांनीही लसीच्या रांगेतच विचारून घेतले होते, “पोर बारीक दिसस का, सिस्टर?” शेजारच्या घरातले त्याच वयाचे मूल नऊ किलोचे, ही माहितीही त्या संध्याकाळी कुणीतरी तत्परतेने पुरवली.

शततमक, अर्थात पर्सेंटाइल, हा शंभरांच्या ओळीतला क्रम आहे. शेकडेवारी नव्हे आणि गुणही नव्हेत. परीक्षेत शेवटून पंधरावा असणे वाईट, कारण तिथे सर्वांनी एकाच टोकाकडे धावायचे असते. बालकांच्या वजनाच्या ओळीत मात्र असे एक टोक नाही. शंभर निरोगी मुली ओळीने उभ्या केल्या की त्यांतली कुणीतरी पंधरावी असणारच, जशी कुणीतरी पन्नासावी आणि कुणीतरी सत्त्याण्णवावी असणार; आणि त्या सर्व निरोगी आहेत हे तर आपण आरंभीच गृहीत धरलेले आहे. नऊ महिन्यांच्या मुलीसाठी मधली, म्हणजे पन्नासावी, रेषा 8 किलो 200 ग्रॅमवर येते. ती गाठायची पायरी नसून ओळीचा मध्यबिंदू आहे, आणि निरोगी मुलींपैकी निम्म्या तिच्याखालीच असतात.

ही शंभरांची ओळ कुठून आणली, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. पूर्वी जगभर वापरात असलेले, 1977 साली प्रसिद्ध झालेले प्रमाण अमेरिकेतल्या मुलांच्या मोजमापांवर बेतलेले होते, आणि त्यांतली तान्ही मुले बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. त्यामुळे आईच्या दुधावर नीट वाढणारे मूलसुद्धा तीनचार महिन्यांनंतर त्या तक्त्यावर मागे पडल्यासारखे दिसे, आणि आईचे दूध पुरत नाही असा चुकीचा निष्कर्ष काढून वरचे दूध लवकर सुरू केले जाई. हा दोष दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुले मोजली. आपल्याकडील मुले दिल्लीची होती. आईचे दूध मिळालेली, धूम्रपान न करणाऱ्या मातांची, आजार आणि उपासमार यांनी वाढ न अडलेली मुले निवडल्यावर असे दिसून आले की पहिल्या पाच वर्षांत या देशोदेशींच्या मुलांची वाढ एकमेकांशी विलक्षण जुळते. 2006 साली त्यावरून नवे तक्ते निघाले, आणि आपल्या माता-बाल संरक्षण कार्डातील तक्ता त्यांवरच आधारलेला आहे. म्हणजे नामपूरची ही मुलगी गावातल्या मुलींशी तोलली गेलेली नसून, अनुकूल परिस्थितीत मूल कसे वाढते याच्या नमुन्याशी तोलली गेली आहे.

कार्डावर मात्र शंभरांच्या रेषा नसून पट्टे आहेत: हिरवा, पिवळा आणि नारिंगी. हिरव्या पट्ट्याची खालची हद्द तिसऱ्या शततमकाच्या किंचित खाली, म्हणजे नऊ महिन्यांच्या मुलीसाठी साडेसहा किलोवर येते. तिच्याखाली वजन कमी, आणि 5 किलो 800 ग्रॅमच्या खाली अतिशय कमी समजतात. आमची मुलगी हिरव्या पट्ट्याच्या हद्दीच्या 800 ग्रॅम वर आहे. सिस्टरांनी पट्टा न सांगता रेषा का सांगितली, हे मला त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी गेल्यावर कळले. त्या म्हणाल्या, “पट्टा सांगितला की लोक हिरवं आहे ना, म्हणून कार्ड बंद करतात. मला त्यांना रेषा बघायला शिकवायचं असतं, दादा.”

मग त्यांनी नाव झाकून एका मुलाचा तक्ता दाखवला. सहाव्या महिन्यात त्याचे वजन 7 किलो 900, म्हणजे मुलांच्या तक्त्यावर अगदी पन्नासावी रेषा. नऊ महिन्यांना वजन 8 किलो. दोन्ही ठिपके हिरव्या पट्ट्यात, आणि दुसरा तर आमच्या मुलीपेक्षा 700 ग्रॅमनी भारी. परंतु नऊ महिन्यांना पन्नासावी रेषा 8 किलो 900 वर जाऊन पोहोचलेली असते, आणि हे मूल तीन महिन्यांत अवघे 100 ग्रॅम मिळवून पन्नासाव्या रेषेवरून सोळाव्याच्या आसपास उतरले होते. ठिपके जोडले तेव्हा वर चढणाऱ्या रेषांच्या मधून एक जवळजवळ आडवी रेघ निघाली. चौकशीत दोनदा जुलाब झाल्याचे आणि वरचे जेवण म्हणजे डाळीचे वरचे पाणी व चहात बुडवलेले बिस्कीट एवढेच असल्याचे निघाले. पाण्याने पोट भरते आणि ताकद मिळत नाही, हे समजावून घट्ट वरण-भात, त्यात तेल किंवा तूप, कुस्करलेले केळे, अंडे असा बदल त्यांनी सुचवला आणि मुलाला वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवले. घरी झोप उडायला हवी होती ती या मुलाच्या, आणि तिथे सगळे निश्चिंत होते.

अठराव्या शतकात फ्रान्समधल्या माँबेयार नावाच्या गृहस्थाने 1759 ते 1777 अशी अठरा वर्षे आपल्या मुलाची उंची दर सहा महिन्यांनी मोजून ठेवली, आणि बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ती प्रसिद्ध केली. त्या नोंदीत शंभर मुले नव्हती, एकच मूल होते. तरी वाढ म्हणजे एक ठिपका नसून एक चाल आहे हे तिच्यातून दिसते. आजच्या तक्त्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या आहेत: शंभरांच्या ओळीतले स्थान, आणि एका मुलाची स्वतःची चाल. चिठ्ठीतले “तेव्हाही हीच रेषा होती” हे वाक्य दुसऱ्या गोष्टीविषयी आहे आणि माझ्या मते चिठ्ठीचा सारा जीव त्यातच आहे.

अर्थात रेषा बदलली की प्रत्येक वेळी आजार असतोच असे नाही. जन्माचे वजन आईच्या पोटातल्या परिस्थितीवर बरेच अवलंबून असते, तर पुढची चण आईबापांच्या चणीकडे झुकते. म्हणून पहिल्या दोन वर्षांत काही मुले सावकाश एका रेषेवरून दुसरीवर सरकून तिथे स्थिरावतात. तसेच दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या मुलाचे वय मोजताना जितके आठवडे लवकर जन्म झाला तितके वजा करावे लागतात. नाहीतर नीट वाढणारे मूलही मागे पडलेले दिसते.

आणि कित्येकदा घसरण मुलाची नसून मोजणीची असते. सिस्टरांनी आमच्या मुलीला काट्यावर ठेवण्यापूर्वी काय केले ते भाचीने मला तपशीलवार सांगितले. स्वेटर, टोपडे, लंगोट सारे उतरवले. पायातले चांदीचे वाळे काढून आजींच्या हाती दिले. काटा रिकामा असताना शून्यावर आहे की नाही हे पाहिले, आणि मुलगी हातपाय झाडायची थांबून आकडा स्थिर होईपर्यंत थांबल्या. या वयात मुलीचे वजन महिन्याला 300 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून थोडे कमी वाढते, तर थंडीचे कपडे, ओला लंगोट आणि नुकतेच प्यायलेले दूध मिळून सहज तेवढा फरक पडू शकतो. मागच्या महिन्यात स्वेटरसह आणि या महिन्यात उघडे तोलले, तर निरोगी मुलाचे वजन कागदावर थांबते. झोळीच्या काट्यावर झोळीचे वजन वजा करायचे राहिले, तरी असाच घोटाळा. वयाचेही तसेच: पूर्ण झालेले महिने धरायचे असतात, चालू महिना नव्हे. गुलाबी तक्ता मुलीचा आणि निळा मुलाचा. तो अदलाबदल झाला तर आमच्याच मुलीचे 7 किलो 300 तिसऱ्या रेषेच्या जवळ जाऊन पडले असते, कारण मुलांची ती रेषा नऊ महिन्यांना 7 किलो 200 वर आहे. म्हणून अनपेक्षित ठिपका पडला, की सिस्टर प्रथम पुन्हा तोलतात आणि मगच काळजी करतात.

वयानुसार वजनाचा हा तक्ता एक गोष्ट मात्र सांगू शकत नाही, ती म्हणजे मूल बारीक आहे की नुसतेच ठेंगणे. दोन मुलांचे वजन सारखे असून एक लांबीला कमी पण भरलेले, आणि दुसरे लांब पण सुकलेले असू शकते. त्यासाठी आडवे झोपवून लांबी मोजावी लागते आणि लांबीच्या मानाने वजन पाहावे लागते. सहा महिन्यांनंतर दंडाचा घेरही पट्टीने मोजतात, आणि तो साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर मूल तीव्र कुपोषित समजून उपचाराला पाठवतात. आमच्या मुलीची लांबी त्याच दिवशी मोजली होती आणि ती वजनाला साजेशी होती. आई पाच फुटांच्या आतली आणि बाप सडसडीत बांध्याचा आहे हे लक्षात घेता, पंधरावी रेषा ही त्या घराची स्वाभाविक रेषा असावी असे सिस्टरांचे मत पडले.

पुढच्या महिन्यात जावई स्वतः मुलीला घेऊन गेले. वाळे घरीच काढून ठेवले होते. काट्यावर साडेसात किलो भरले. सिस्टरांनी पेन त्यांच्याच हाती दिले. त्यांनी तळाच्या आडव्या ओळीवर दहा महिने शोधले, तिथून बोट वर नेत साडेसातावर आणले, ठिपका दिला आणि मागच्या ठिपक्याला तो जोडला. रेघ पंधराव्या रेषेच्या चालीनेच वर गेली होती.