अर्धवट मेसेजला उत्तर देताना

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या दवाखान्यात एका दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी मेसेज येतो, असं समजू. ‘नमस्कार मॅडम, मागच्या आठवड्यात तुमच्याकडून गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या होत्या. घरी कुणाला माहीत नाही. परवापासून रक्तस्राव थांबत नाहीये आणि आज दुपारपासून’. इथेच मेसेज संपतो. पुढचं वाक्य नाही, नाव नाही, काही नाही.

काउंटरवरची मुलगी कामात चोख आहे. ती लगेच लिहिते, ‘ताई, गर्भपाताच्या गोळ्या घेतल्यावर रक्तस्राव थांबत नाही, असा तुमचा मेसेज आलाय. आज दुपारपासून काय होतंय ते कळलं नाही, पुन्हा पाठवा.’ तिचा हेतू एवढाच, की आपण नीट वाचलंय हे समोरच्या बाईला कळावं. पण याच उत्तराने त्या बाईचं घर हादरू शकतं.

तिचा मेसेज अर्धवट का राहिला असेल, हे आधी बघू. कधी कारण तांत्रिक असतं. साधा एसएमएस इंग्रजीत १६० अक्षरांचा असतो, पण देवनागरीत लिहिला की मर्यादा ७० वर येते. त्यात मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरांतले हलन्तही स्वतंत्र मोजले जातात. मेसेज याहून लांबला की त्याचे प्रत्येकी ६७ अक्षरांचे तुकडे होतात आणि ते वेगवेगळे प्रवास करतात. एखादा तुकडा वाटेत राहिला तर काही फोन सगळे तुकडे येईपर्यंत काहीच दाखवत नाहीत, तर काही आलंय तेवढं दाखवून मोकळे होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर असे तुकडे होत नाहीत. तिथे मेसेज अर्ध्यात गेला असेल तर बहुतेक वेळा बोट चुकून पाठवायच्या बटणावर पडलेलं असतं.

पण बोट घाईने का पडलं? खोलीत कुणीतरी आलं असेल. सासूबाई, नवरा, मोठा दीर. लिहिता लिहिता थांबावं लागलेल्या बाईच्या मेसेजला दोन मिनिटांत उत्तर गेलं, तर ते नेमकं त्या माणसाच्या उपस्थितीत पोहोचतं. फोन टेबलावर असतो, पडद्याला कुलूप असलं तरी उत्तराची पहिली ओळ वर झळकते. पाठवलेला मेसेज तिने स्वतःच्या फोनवरून पुसूनही टाकला असेल. तसं असेल तर काउंटरवरच्या मुलीने तो पुन्हा लिहून तिच्या फोनवर परत आणून ठेवला, असाच त्याचा अर्थ होतो. म्हणून मेसेज का तुटला हे माहीत नसेल, तर दुसरं कुणीतरी शेजारी आहे असंच धरून चालावं.

कायद्याचीही बाजू आहे. सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी नवऱ्याची संमती लागत नाही, तिची स्वतःची पुरते. आणि वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५अ नुसार, अशा स्त्रीचं नाव किंवा तपशील कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही उघड करण्यास डॉक्टरांना मनाई आहे. मोडल्यास १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. स्वतः पेशंटलाच पाठवलेला मेसेज या कलमात कितपत बसेल हा वकिलांचा विषय. पण ज्या घरात काही सांगायचंच नाही असं त्या बाईने ठरवलंय, तिथे ते दवाखान्याच्या नंबरवरून पोहोचावं हे कायद्याला नक्कीच अपेक्षित नाही.

मग काहीच लिहू नये? ‘आपला मेसेज अपूर्ण आहे, कृपया पुन्हा पाठवा’ एवढंच लिहिणारे पुष्कळ दवाखाने आहेत, आणि मला ते उत्तरही फारसं बरं वाटत नाही. त्या बाईने दिवसभरात तीन ठिकाणी मेसेज केले असतील, त्यातला हा कुठला ते तिला कळत नाही. कुठे तुटला तेही कळत नाही, म्हणून ती सगळा मजकूर पहिल्यापासून पुन्हा लिहिते आणि खासगी तपशिलाची आणखी एक प्रत तयार होते. शिवाय असं मोघम उत्तर हल्ली फसवणुकीच्या मेसेजसारखं दिसतं. सावध माणूस त्याला उत्तरच देत नाही.

या अडचणीवरचा तोडगा तारायंत्राच्या आणि बिनतारी संदेशाच्या काळापासून चालत आलेला आहे. संदेश अर्धवट ऐकू आला तर ऐकणारा आलेला सगळा मजकूर परत वाचून दाखवत बसत नाही. नीट ऐकू आलेला एक शब्द घेतो आणि ‘या शब्दानंतरचं सगळं पुन्हा सांगा’ एवढंच म्हणतो. विमानांच्या संभाषणात आजही त्यासाठी ‘से अगेन ऑल आफ्टर’ हे ठरलेलं वाक्य आहे, आणि पुढे तो शब्द. मोर्स पाठवणारे हेच ‘एए’ या दोन अक्षरांत भागवत. गोपनीयतेचा विचार त्यामागे नव्हता, वेळ वाचवायचा होता. पण आपल्याला हवं ते त्यात आयतं आहे. मजकुराचा विषय न काढता तुटल्याची जागा दाखवता येते.

आता तेच उत्तर पुन्हा लिहू. ‘नमस्कार. तुमचा आज ४ वाजून १० मिनिटांनी आलेला मेसेज “आज दुपारपासून” या शब्दांपाशी थांबला आहे. सोयीचं असेल तेव्हा पुढचं कळवा किंवा या नंबरवर फोन करा. त्रास वाढत असेल तर उत्तराची वाट न बघता लगेच इकडे या, रात्री आलात तरी चालेल.’ वेळ दिली, त्यामुळे कुठला मेसेज ते कळलं. शेवटचे दोन शब्द दिले, त्यामुळे कुठून पुढे लिहायचं ते कळलं. ते शब्द तिचेच असल्याने मेसेज खरोखर आपल्याला मिळालाय याची तिला खात्री पटते. आणि शेजारून कुणी वाचलंच तर त्यात दाढदुखीही बसते.

शब्द निवडताना थोडं भान हवं. शेवटचे शब्दच नाजूक असतील, म्हणजे मेसेज ‘रक्तस्राव’ या शब्दावरच तुटला असेल, तर मागे सरकून एखादा निरुपद्रवी शब्द घ्यावा, किंवा ‘तिसऱ्या वाक्यानंतर’ असं लिहावं. रोगाचं, औषधाचं, तपासणीचं नाव घ्यायचं नाही. नात्याचा उल्लेख नाही, रकमेचा नाही. ‘घरी कुणाला माहीत नाही’ हे वाक्य तर कुठल्याही रूपात परत जाता कामा नये. ‘काळजी करू नका, आम्ही कुणाला सांगणार नाही’ असं प्रेमाने लिहिणारेही भेटतात. त्या एका ओळीतून काहीतरी लपवलं जातंय हे वाचणाऱ्याला लगेच समजतं.

तिसऱ्या वाक्याबद्दल मात्र डॉक्टर आग्रही असतील, आणि ते बरोबर आहे. गोळ्यांनंतर काही दिवस रक्तस्राव होणं अपेक्षितच असतं. पण मोठे दोन पॅड तासाभरात पूर्ण भिजत असतील आणि असं सलग दोन तास चाललं असेल, तर थांबून चालत नाही, हा त्यातला सर्वमान्य इशारा. म्हणजे अर्धवट मेसेज पूर्ण होण्याची वाट बघत संध्याकाळ घालवणं धोक्याचं आहे. ‘लगेच या’ हे पहिल्याच उत्तरात असायला हवं, आणि थोड्या वेळात काही आलं नाही तर डॉक्टरांनी किंवा नर्सने स्वतः फोन लावायला हवा.

फोनवर नियम उलटतो. आधी एवढंच विचारायचं, की ताईच बोलताय ना, आणि आत्ता बोलता येईल का. दुसऱ्या कुणी उचलला तर ‘नंतर करते’ म्हणून ठेवायचा, विषय सांगायचा नाही. तीच असेल तर मात्र तपशील सगळा आपण बोलायचा. ‘मी विचारते, तुम्ही फक्त हो-नाही म्हणा. दोन तासांत चार किंवा जास्त पॅड लागले का? ताप आहे का? चक्कर येते का?’ नाजूक शब्द डॉक्टरांच्या तोंडी राहतात, खोलीतल्यांना फक्त ‘हो’, ‘नाही’ ऐकू येतं. तिने काही आकडा सांगितला तर तो तिला परत म्हणून दाखवायचा, कारण ऐकण्यात चूक झाली तर उपचार चुकेल. रुग्णालयांत तपासणीचे गंभीर आकडे फोनवर घेताना ते लिहून घेऊन परत वाचून दाखवण्याची पद्धत याचसाठी आहे. बोललेलं हवेत विरतं, लिहिलेलं फोनमध्ये राहतं, हा फरक इथे निर्णायक.

उत्तर जपून लिहूनही घोटाळा होतो तो यंत्राच्या सवयीने. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज बाजूला सरकवून उत्तर दिलं की मूळ मजकूर वरच्या चौकटीत पुन्हा दिसतो. तिने आपल्या फोनवर तो पुसला असला तरी चौकटीत तो परत येतो. म्हणून अशा वेळी सरकवायचं नाही, खाली नव्याने लिहायचं. ईमेलमध्ये तर मूळ पत्र उत्तराच्या खाली आपोआप चिकटतं आणि विषयाच्या ओळीत पाठवणाऱ्याने ‘एचआयव्ही रिपोर्ट’ लिहिलं असेल तर तीही पुढे जाते. दोन्ही पुसावं लागतं, विषयात ‘आपला ४.१० चा ईमेल’ एवढं पुरतं. दवाखान्याच्या खात्याचं नावही बघावं. ‘अमुक मॅटर्निटी होम’ असं झळकत असेल तर आतल्या सभ्य उत्तराने फारसं काही साधत नाही.

आकड्यांचं प्रकरण त्यामानाने सोपं आहे, कारण त्यांची लांबी ठरलेली असते. आधार १२ आकडी, पॅन १० अक्षरी, बँकेचा आयएफएससी ११ अक्षरी. कुणी आधारचे ९ आकडे पाठवले तर ते परत लिहायची गरजच नाही. ‘तुमच्या क्रमांकाचे ९ आकडे आलेत, शेवटचे ३ राहिलेत’ यात काहीच उघड होत नाही. नंतर ते ३ आकडेच मागवावेत. मधलाच एखादा आकडा गळलाय अशी शंका असेल तर मात्र जोडकाम करू नये, फोनवर पूर्ण घ्यावा.

आणि हे सगळं ज्या नंबरवर चाललंय तो कुणाचा, हा प्रश्न खरं तर पहिल्याच दिवशी विचारायचा असतो. केसपेपरवर मोबाइल नंबरची रेघ असते, तिच्यापुढे अजून दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: हा फोन आणखी कोण बघतं, आणि यावर मेसेज चालेल की फक्त फोन, कुठल्या वेळात. अनेक बायका नवऱ्याचा नंबर देतात, कारण अर्जात मागितला म्हणून. काउंटरवर चारचौघांसमोर विचारलं तर उत्तर ‘हो, चालेल’ असंच येतं. हा प्रश्न आत, तपासणीच्या खोलीत, बरोबर आलेल्या माणसाला बाहेर बसवून डॉक्टरांनी विचारायचा.