बचत गटाच्या हिशेबात १८० रुपये कमी? मागच्या महिन्यापेक्षा वेगळा आकडा शीटमध्ये आपोआप कसा रंगवायचा?

समजा, गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा इथे दहा महिलांचा एक बचत गट आहे. प्रत्येकीची महिन्याची बचत २०० रुपये. जून ते नोव्हेंबर असे सहा महिने झाले. शीटमधली बेरीज सांगते ११,६७० रुपये, पण पासबुकात जमा आहेत ११,८५०. फरक १८० रुपयांचा. रक्कम मोठी नाही, पण बैठकीत प्रश्न थेट हिशेब लिहिणारीवर येतो.

प्रश्न फक्त विश्वासाचाही नाही. ‘उमेद’ अभियानातल्या गटांना पंचसूत्री पाळावी लागते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. गटाची प्रतवारी आणि बँकेचं कर्ज यांसाठी हेच पाहिलं जातं.

आता साठ आकडे एकेक करून तपासायचे का? त्यातले बहुतेक २०० आहेत, आणि सारखे आकडे वाचताना चुकीच्या आकड्यावरून नजर सहज घसरते. त्यापेक्षा, जो आकडा डावीकडच्या म्हणजे मागच्या महिन्याच्या आकड्यापेक्षा वेगळा आहे, तोच रंगवायला शीटला सांगता येतं.

नियम कसा लावायचा?

शीटमध्ये A रकान्यात नावं आहेत, B मध्ये जून, C मध्ये जुलै, असं करत G मध्ये नोव्हेंबर. पहिल्या ओळीत महिन्यांची नावं आहेत आणि सदस्य २ ते ११ या ओळींत आहेत.

सगळ्यात आधी C2 पासून G11 पर्यंतचा भाग निवडा. B निवडायचा नाही, कारण जूनच्या डावीकडे नावं आहेत. रक्कम आणि नाव कधीच सारखं नसतं, त्यामुळे जूनचा अख्खा रकाना रंगून जाईल.

गूगल शीट्समध्ये Format मधून Conditional formatting उघडा आणि यादीतून Custom formula is निवडा. एक्सेलमध्ये Home वरून Conditional Formatting, मग New Rule आणि त्यात Use a formula to determine which cells to format. दोन्हीकडे सूत्र एकच:

```
=C2<>B2
```

`<>` या खुणेचा अर्थ ‘सारखं नाही’. रंग निवडा आणि नियम जपून ठेवा.

सूत्रात फक्त C2 लिहिलं असलं तरी ते सगळ्या घरांना लागू होतं. शीट ते निवडलेल्या भागाच्या पहिल्या घरापासून मोजते आणि प्रत्येक घरासाठी पुढे सरकवते. म्हणजे E7 साठी ते आपोआप `E7<>D7` होतं. म्हणूनच निवड आणि सूत्र दोन्ही एकाच घरापासून सुरू व्हायला हवेत. निवड C1 पासून केली आणि सूत्रात C2 लिहिलं, तर रंग एक ओळ वर सरकतो. तो बरोबर आकड्यावर पडलेला दिसला, तर आधी हेच तपासा.

रंग काय सांगतो?

आपल्या शीटमध्ये पन्नास घरांपैकी पाच रंगली. चौथ्या ओळीत ऑगस्टला २० आहे आणि सप्टेंबरला पुन्हा २००. ही दोन्ही घरं रंगली. सातव्या ओळीत सप्टेंबरपासून शेवटपर्यंत १५० आहे, पण रंगलं फक्त सप्टेंबरचं घर. नवव्या ओळीत ऑक्टोबरला ० आणि नोव्हेंबरला ४००. इथेही दोन घरं.

आता तपासायच्या आहेत फक्त तीन ओळी. नवव्या ओळीतली सदस्य एक महिना चुकली आणि पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते भरले, तिची बेरीज बरोबर आहे. सातव्या ओळीतलीने खरंच १५० भरले, आणि ते बैठकीच्या वहीतही तसेच लिहिलेले आहेत. चौथ्या ओळीतलीच्या नावावर वहीत २०० आहेत, शीटमध्ये मात्र एक शून्य सुटलं. २०० वजा २० म्हणजे १८०. हाच तो फरक.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हा रंग चूक दाखवत नाही, बदल दाखवतो. एका चुकीच्या आकड्यामुळे दोन घरं रंगतात, कारण पुढचा बरोबर आकडाही त्याच्यापेक्षा वेगळा असतो. उलट, चूक पुढचे सगळे महिने तशीच राहिली तर ती एकदाच रंगते. ‘कुणाची बचत कधी बदलली’ हा प्रश्न असेल, तर हेच सूत्र योग्य. ‘ठरलेल्या रकमेपेक्षा कोण कमी-जास्त भरतंय’ हे पाहायचं असेल, तर प्रत्येक महिन्याची तुलना जूनशी करावी लागेल:

```
=C2<>$B2
```

`$` मुळे B रकाना जागेवरच राहतो. आता सातव्या ओळीतले १५० चे तिन्ही महिने रंगतात. चौथ्या ओळीत मात्र फक्त २० रंगतं. अर्थात, यासाठी जूनचा आकडा बरोबर असायला हवा.

रिकामी घरं का रंगतात?

डिसेंबरचा रकाना आधीच आखून ठेवला आणि तोही नियमात घेतला, तर तो अख्खा रंगतो. रिकामं घर आणि २०० वेगळेच ना! त्यावर उपाय असा:

```
=AND(C2<>"",C2<>B2)
```

म्हणजे घर भरलेलं असेल तरच तुलना होईल. पण मग बचत न भरलेल्या सदस्याचं घर रिकामं ठेवून चालणार नाही, कारण ते आता रंगणारच नाही. न भरलेल्या महिन्याला ० लिहा आणि रिकामं घर फक्त न आलेल्या महिन्यांसाठी ठेवा.

दिसायला सारखेच, तरी रंगले?

दोन्हीकडे २०० दिसतात आणि तरी एक घर रंगलेलं असेल, तर बहुधा त्यातला एक आकडा शीटच्या दृष्टीने संख्या नसून मजकूर आहे. आकड्याला मजकुराचं स्वरूप दिलेलं असेल किंवा देवनागरी अंक शीटने मजकूर म्हणून घेतले असतील, तर असं होतं. खात्री करायला बाजूच्या एखाद्या मोकळ्या घरात हे लिहा:

```
=ISNUMBER(G6)
```

उत्तर FALSE आलं तर तो मजकूर आहे. अशी रक्कम SUM च्या बेरजेत धरलीच जात नाही, म्हणजे इथेही पैसे कमी दिसतात. घराचं स्वरूप Number करून आकडा इंग्रजी अंकांत पुन्हा टाइप करा.

मात्र एखाद्या ओळीतले सगळेच आकडे मजकूर असतील, तर ते एकमेकांसारखेच असल्याने काहीच रंगणार नाही. त्यासाठी शेवटी एकदा `=COUNT(B2:G11)` करून पाहा. दहा सदस्य, सहा महिने, म्हणजे उत्तर ६० यायला हवं. कमी आलं, तर तितकी घरं एकतर रिकामी आहेत किंवा त्यांत संख्या नाही.