शिकाऊ उमेदवार वारंवार गैरहजर; करार संपवायचा कसा?

मुळशी तालुक्यातील घोटावडे-पिरंगुट पट्ट्यातल्या कारखान्यांत आयटीआय झालेली अनेक मुले शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू होतात. जुलैत भातलावणी सुरू झाली की घरच्या शेतावर हात कमी पडतात आणि हजेरीपटावर खाडे दिसू लागतात. अशा वेळी ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगून मालकाला मोकळे होता येते का? शिकाऊ उमेदवारीचा करार नोंदणीकृत असेल, तर नाही.

कायदा काय सांगतो?

१९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार असा उमेदवार कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. नियमित हजर राहून मन लावून काम शिकणे, हे त्याचे कर्तव्य आहे. मात्र करार मुदतीपूर्वी संपवण्याचा अधिकार मालकाकडे नाही. कलम ७ नुसार त्यासाठी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे अर्ज करावा लागतो आणि त्याची प्रत टपालाने उमेदवाराला पाठवावी लागते. उमेदवाराच्या हरकती विचारात घेऊन सल्लागार लेखी आदेश काढतो. तोपर्यंत करार चालूच राहतो. करार नकोसा झाला तर उमेदवारालाही याच मार्गाने अर्ज करता येतो.

करार न करता फक्त ‘ट्रेनी’ म्हणून नेमणूकपत्र दिले असेल, तर हे कलम लागू होत नाही. तिथे नेमणूकपत्रातील अटी आणि कंपनीचे स्थायी आदेश पाहावे लागतात. म्हणून आधी आपल्या हातातला कागद कोणता आहे, ते तपासावे.

नोंद कशी ठेवायची?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घोटावड्याच्या एका कारखान्यात फिटरचा शिकाऊ उमेदवार जुलैत सहा दिवस आला नाही. कंपनीने त्याला पत्र दिले. त्यात सहाही तारखा लिहिल्या, कारण विचारले आणि उत्तरासाठी सात दिवस दिले. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच म्हणून त्याची सही घेतली.

त्याने उत्तर दिले, ‘लावणीसाठी चार दिवस सुपरवायझरना व्हॉट्सॲपवर कळवले होते.’ सुपरवायझरने तो संदेश दाखवला. उत्तरात त्याने ‘ठीक आहे’ असे लिहिले होते. ते चार दिवस परवानगीचे ठरले, विनापरवाना दोनच उरले. ऑगस्टमधल्या तीन दिवसांचा दवाखान्याचा कागद मिळाला, तेही वगळले. कायद्यानुसार आस्थापनेत लागू असलेल्या रजा आणि सुट्ट्या शिकाऊ उमेदवारालाही मिळतात.

सप्टेंबरमध्ये मात्र पाच दिवस काहीच न कळवता गेले. दुसऱ्या पत्राला उत्तर आले नाही. तेव्हा कंपनीने त्याला बोलावून विचारले, त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घेतले आणि पुन्हा असे झाल्यास करार संपवण्यासाठी अर्ज करू, असा लेखी इशारा दिला. ऑक्टोबरमध्ये आणखी चार दिवस तो आला नाही. त्याबद्दल विचारणा करूनही कारण मिळाले नाही.

आता अर्जात ‘वारंवार गैरहजर’ एवढेच लिहिण्याची गरज नाही. दोन, पाच आणि चार असे अकरा दिवस तारखांसह मांडता येतात. एकूण खाडे अठरा होते. कारण पटलेले सात दिवस कंपनीने स्वतःच वगळले आहेत, हेही त्यातून दिसते. प्रशिक्षणाच्या प्रगतीची नोंद ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. त्या नोंदीतून या दिवसांत कोणते काम शिकायचे राहिले, ते दाखवता येते.

कुठे चुकते?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे निर्णय आधी घेऊन पत्रे नंतर तयार करणे. तीन महिन्यांची तीन पत्रे, पण पोहोच एकावरही नाही किंवा तिन्हींवर एकाच दिवसाची, असे दिसले की शंका येणारच. दुसरी चूक म्हणजे कोऱ्या कागदावर किंवा ‘स्वखुशीने सोडतो’ अशा मजकुरावर सही घेणे. तिसरी चूक भेदभावाची. तितकेच खाडे असलेल्या दुसऱ्या उमेदवाराला साधे पत्रही दिले नसेल, तर हरकतीत तोच मुद्दा पुढे येतो.

उमेदवाराने काय करावे?

रजा तोंडी न मागता संदेश पाठवून मागावी आणि तो संदेश जपून ठेवावा. पत्र आले तर सही टाळू नये. सही म्हणजे पत्र मिळाल्याची पोहोच, आरोपाची कबुली नव्हे. हवे तर ‘फक्त प्रत मिळाली’ असे लिहून सही करावी. उत्तर मात्र मुदतीत आणि तारीखवार द्यावे. वरच्या उदाहरणात जुलैतले चार दिवस एका जपलेल्या संदेशामुळेच वगळले गेले.

करारावरून मालकाशी वाद झाला, तर कलम २० नुसार तोही सल्लागाराकडेच जातो. त्याचा निर्णय मान्य नसल्यास तो कळल्यापासून ३० दिवसांत शिकाऊ उमेदवारी परिषदेकडे अपील करता येते. तिथेही दोन्ही बाजूंना आधार असतो तो तारखा, उत्तरे आणि पोहोच असलेल्या याच कागदांचा.