तळटिपांचें भाषांतर : काय बदलावें, काय राखावें

१८१८ पासून कांहीं वर्षें साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधि असलेल्या जेम्स ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं लंडनला तीन खंडांत प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथाच्या एखाद्या पानाचें छायाचित्र समोर ठेवून भाषांतर करूं लागलें, तर खरी अडचण पडते ती तळाच्या बारीक टायपांतील टिपांची. त्यांतील काय मराठींत आणावें आणि काय तसेंच राहूं द्यावें?

टीप दोन कामें करते. कधीं ती वाचकाशीं बोलते, तर कधीं नुसतें बोट दाखविते. बोलणारा भाग भाषांतरावा. बोट दाखविणारा भाग राखावा, कारण त्याच्याच आधारानें पुस्तक कपाटांतून काढावयाचें असतें.

ग्रँट डफ पुष्कळदां ‘महरट्टा मॅन्युस्क्रिप्ट्स’ एवढाच आधार देतो. दिसावयास हें ग्रंथनाम दिसतें, पण तें केवळ वर्णन आहे. म्हणून ‘मराठी हस्तलिखितें’ असें लिहावें. उलट प्रकार सांगली-मिरजेकडील पटवर्धनांविषयींच्या इंग्रजी लेखांत आढळतो. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस राहून पटवर्धनांच्या दप्तरांतील पत्रें ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें १८९७ पासून छापण्यास आरंभ केला. समजा, टिपेंत या नांवाचा इंग्रजी अर्थच दिला आहे, पुढें खंड व लेखांक आहे, आणि शेवटीं ‘हें पत्र उशिरां पोंचलें’ असें वाक्य आहे. शेवटचें वाक्य भाषांतरावें. खंड व लेखांक तसेच ठेवावे. नांवाचें मात्र ‘जुन्या कागदांचा संचय’ असें नवें मराठी केल्यास तें पुस्तक कोणत्याच ग्रंथालयांत सांपडणार नाहीं. तेथें मूळ मराठी नांवच परत बसवावें.

आंकड्यांस हात लावूं नये. एडवर्ड्स यांनीं संपादिलेली ग्रँट डफची १९२१ ची आवृत्ति दोनच खंडांची आहे. म्हणून टिपेंत ‘खंड ३’ असेल, तर ती त्या आवृत्तीची नव्हे, हें त्या आंकड्यावरूनच कळतें. आंकडा ‘सुधारला’ कीं ही खूण गेली.

छायाचित्रामुळें आणखी तीन फसगती होतात. इंग्रजी तीन व आठ हे आंकडे पुसट छायेंत सारखे दिसतात; शंका असल्यास अंदाज न करतां चौकटी कंसांत प्रश्नचिन्ह घालावें. शेवटच्या टिपेस पूर्णविराम नसेल, तर ती बहुधा पुढील पानावर गेलेली असते. आणि पहिलीच टीप ‘इबिड’ अशी असेल, तर तिचें ‘कित्ता’ एवढें भाषांतर बरोबर असूनहि निरुपयोगी ठरतें. कारण कित्ता कशाचा, हें मागील पानावर राहिलें. यासाठीं मागचें व पुढचें पान, आणि आवृत्ति व साल दाखविणारें मुखपृष्ठ, यांचींहि छायाचित्रें घ्यावीं.