परतीचा हिशेब आधी

कयाक घेऊन नदीत उतरणाऱ्या बहुतेकांचा एक समज असतो: जाताना प्रवाह जेवढा वेळ वाचवतो, तेवढाच येताना खातो, म्हणजे फिटंफाट. हे खरं नाही. वाहत्या पाण्यात जाऊन-येऊन लागणारा वेळ साचलेल्या पाण्यापेक्षा नेहमीच जास्त असतो, कारण उलट प्रवासात तुमचा वेग तर कमी असतोच, शिवाय त्या कमी वेगात तुम्हाला जास्त वेळ काढावा लागतो.

समजा, संथ पाण्यात तुम्ही ताशी ५ किलोमीटर वल्हवता. साध्या कयाकमध्ये सराव असलेल्या माणसाला हे दिवसभर झेपतं. नदीचा प्रवाह ताशी २ किलोमीटर आहे. म्हणजे काठावरून पाहणाऱ्याला तुम्ही जाताना ताशी ७ ने आणि येताना ताशी ३ ने जाताना दिसाल. साडेदहा किलोमीटर खाली जायला दीड तास लागेल आणि तेच अंतर परत यायला साडेतीन तास. एकूण पाच तास. साचलेल्या तळ्यात एवढंच अंतर ४ तास १२ मिनिटांत झालं असतं.

पण नदीवर खरा प्रश्न उलटा असतो. हातात पाच तास आहेत, तर वळायचं कधी? निम्म्या वेळेला, अडीच तासांनी वळलात तर साडेसतरा किलोमीटर खाली गेलेले असाल आणि परतायला जवळजवळ सहा तास लागतील. वळण्याची वेळ काढायची रीत सोपी आहे: तुमच्या वेगातून प्रवाहाचा वेग वजा करा, त्याला एकूण वेळेनं गुणा आणि तुमच्या वेगाच्या दुपटीनं भागा. इथे ३ गुणिले ५, भागिले १०, म्हणजे दीड तास.

ही रीत प्रवाहाच्या आकड्यावर टेकलेली आहे, आणि तो आकडा चुकला तर फार महागात पडतं. प्रवाह २ ऐवजी ३ निघाला असं धरा. साडेदहा किलोमीटर तुम्ही दीड तासाऐवजी एक तास १९ मिनिटांत गाठाल आणि खूश व्हाल. परतताना मात्र वेग ताशी २ उरेल आणि साडेतीनऐवजी सव्वापाच तास वल्हवावं लागेल. जाताना वाचलेली अकरा मिनिटं येताना पावणेदोन तास घेऊन जातात. घड्याळाकडे पाहून दीड तासानंच वळलात तर आणखी वाईट, कारण तोवर बारा किलोमीटर झालेले असतील आणि परतीला सहा तास.

म्हणून खाली जाताना अपेक्षेपेक्षा वेगानं जाणं हा इशारा समजावा. पहिल्या अर्ध्या तासानंतर मोबाइलच्या नकाशावर अंतर बघा. साडेतीन किलोमीटर व्हायला हवे होते आणि चार झाले असतील, वल्हवण्याचा जोर मात्र नेहमीचाच असेल, तर प्रवाह ३ आहे. लगेच नवा हिशेब करा: २ गुणिले ५, भागिले १०, म्हणजे एका तासानं, आठ किलोमीटरवर वळायचं. परतीला चार तास, आणि दिवस पुन्हा पाच तासांत बसतो.

निघण्याआधीच प्रवाह मोजता आला तर उत्तम. दहा मिनिटं धारेविरुद्ध वल्हवा, अंतर टिपा. मग तेवढाच वेळ, त्याच जोरानं, धारेबरोबर. दोन्ही वेगांची सरासरी म्हणजे तुमचा स्वतःचा वेग, आणि त्यांच्यातल्या फरकाचा निम्मा भाग म्हणजे प्रवाह. यात वाऱ्याचा परिणामही काही प्रमाणात आपोआप येतो. काठावरून काठी सोडून मोजणं त्यामानानं कच्चं, कारण काठाजवळ पाणी हळू असतं आणि मधली धार जोरात.

हाच फरक परतीला कामी येतो. उलट येताना मधली धार सोडून काठ धरावा, वळणावर आतल्या बाजूनं यावं. मोठ्या खडकामागे पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, दम तिथेच घ्यावा. धारेत वल्हं थांबवून दहा मिनिटं बसलात तर कयाक सुमारे ३३० मीटर मागे जातो आणि ते भरून काढायला पावणेसात मिनिटं जातात, म्हणजे दहा मिनिटांची विश्रांती सतरा मिनिटांना पडते. जेवण, चहा काठावर, कयाक ओढून घेऊन; तो वेळ पाच तासांच्या वर धरा.

काही नद्यांवर मात्र सकाळी मोजलेला प्रवाह दुपारी उपयोगाचा नसतो. कोलाडच्या कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून पाणी सुटलं की शांत पात्राची रौद्र नदी होते. तिथे परतीचा बेत आखूच नये. कोकणातल्या खाड्यांत साधारण सहा तासांनी प्रवाहच उलटतो, त्यामुळे ओहोटीबरोबर जाऊन भरतीबरोबर परतता येतं.

आणि प्रवाहाबद्दल खात्रीच नसेल, तर आधी धारेविरुद्ध वर जा. हिशेबाचा एकूण वेळ तेवढाच भरतो. पण प्रवाह अंदाजापेक्षा जोरात निघाला तर ते तुम्हाला ताज्या हातांनी, घराजवळच कळतं, आणि वळल्यावर नदीच तुम्हाला परत आणते.