रविवारी रात्री बारा म्हणजे नक्की कधी?

मराठी वाचकाला 'प्रकाशनपूर्व सवलत' नवी नाही. पुस्तक छापायच्या आधी पैसे भरणाऱ्याला ते कमी किमतीत मिळतं आणि प्रकाशकाला किती प्रती छापायच्या याचा अंदाज येतो. ऑनलाइन कोर्सची 'अर्ली बर्ड' किंमत ही त्याच चालीची. फरक असा, की पुस्तक शेवटी हातात येतं. कोर्स घेणाऱ्याच्या हातात मात्र पैसे भरताना फक्त जाहिरातीखालचा मजकूर असतो. त्यामुळे तो मजकूर म्हणजे जवळजवळ करारच, असं मी मानते.

माझ्या ओळखीच्या एक बाई मोडी लिपी शिकवतात. पहिल्या ऑनलाइन वर्गासाठी त्यांनी इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं: 'मोडी शिका! रविवारी रात्री बारापर्यंत खास सवलत. लाइफटाइम अॅक्सेस, भरपूर नोट्स. जागा मर्यादित!' रविवारी सकाळी सहा-सात जणांचे निरोप आले, "ताई, आज रात्रीपर्यंत आहे ना?" त्यांची चूक नव्हती. रात्रीचे बारा शनिवार-रविवारमधले की रविवार-सोमवारमधले, हे त्या वाक्यातून कळतच नव्हतं. न्यू जर्सीतल्या एका मुलीने तर तिच्या घड्याळाप्रमाणे रविवारी संध्याकाळी पैसे भरले, तेव्हा इथे सोमवारची पहाट झाली होती.

पुढच्या वर्गाच्या वेळी आम्ही दोघींनी बसून मजकूर नव्याने लिहिला. इन्स्टाग्रामवर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं बोट लावल्यावर उघडतं. म्हणून किंमत आणि मुदत अगदी वर घेतली.

'मोडी वाचन वर्ग: रविवार 12 जुलै, रात्री 11:59 पर्यंत (भारतीय वेळ) 2,600 रुपये. त्यानंतर 3,500.

18 जुलैपासून दर शनिवारी संध्याकाळी 7 ते 8:30, झूमवर. एकूण 8 वर्ग. 15 ऑगस्टला सुट्टी, शेवटचा वर्ग 12 सप्टेंबरला.

तुम्हाला मिळेल: आठही वर्गांचं रेकॉर्डिंग (31 मार्चपर्यंत पाहता येईल), सरावाची 40 पानांची पीडीएफ, 10 जुन्या कागदांचे फोटो आणि त्यांचं देवनागरी लिप्यंतर. तुम्ही वाचलेला एक कागद मी स्वतः तपासून देईन.

छापील पुस्तक आणि प्रमाणपत्र यात नाही. यावर वेगळा कर किंवा शुल्क नाही. 18 जुलैच्या आधी कळवल्यास पूर्ण पैसे परत.'

11:59 लिहिलं की तारखेचा घोळ राहत नाही, कारण तो मिनिट नि:संशय रविवारचाच आहे. परदेशातल्यांसाठी खाली एक ओळ जोडली: न्यू जर्सीत रविवार दुपारी 2:29, लंडनमध्ये संध्याकाळी 7:29. पैसे भरायच्या पानावरची किंमतही त्याच मिनिटाला बदलेल अशी लावून ठेवली.

'लाइफटाइम' हा शब्द काढायला बाई सुरुवातीला तयार नव्हत्या. पण रेकॉर्डिंग ज्या सेवेवर ठेवलं होतं तिचं भाडं त्या दरवर्षी भरत होत्या. एखाद्या वर्षी भरलं नाही, तर विद्यार्थ्याचा 'लाइफटाइम' तिथेच संपणार. जे आपल्या हातात नाही ते विकू नये, म्हणून तारीख आली. 'भरपूर नोट्स'ची 40 पानं झाली. आणि 'यात नाही' ही ओळ सर्वांत उपयोगी ठरली. गेल्या खेपेला दोघांनी पुस्तक टपालाने कधी येणार म्हणून विचारलं होतं, या वेळी कुणीच विचारलं नाही.

मुदत संपायच्या संध्याकाळी बाईंना मोह झाला: अजून नऊ जागा रिकाम्या होत्या, दोन दिवस वाढवावेत का? नाटकाच्या जाहिरातीत 'लोकाग्रहास्तव' प्रयोग वाढतात, तसं. मी नको म्हटलं. ज्यांनी महिनाअखेरची ओढाताण करून वेळेत पैसे भरले, त्यांना आपण फसलो असं वाटलं असतं. शिवाय मुदत खोटी निघाली की पुढच्या वेळी कुणी ती मानत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये खोटी घाई निर्माण करणं आणि शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं या दोन्ही गोष्टी ग्राहकाची दिशाभूल म्हणून नोंदवल्या आहेत. 'जागा मर्यादित' हेही तेव्हाच लिहावं, जेव्हा खरोखर मर्यादा असते. बाईंना एका वेळी 30 जणांचेच कागद तपासता येतात, म्हणून '30 जागा' एवढंच लिहिलं.

3,500 या आकड्याचंही तसंच. खोडलेली मोठी किंमत नंतर कुणाकडूनच घेतली जाणार नसेल, तर समोरची सवलत ही सवलतच नव्हे. सोमवारी सकाळी एका गृहस्थांचा फोन आला, जुन्या दरात घ्या म्हणून. बाईंनी नम्रपणे नाही म्हटलं. त्यांनी थोडा विचार केला आणि 3,500 भरले.