जुन्या ईमेल पत्त्याचे शेवटचे वर्ष

नवा ईमेल पत्ता उघडायला पाच मिनिटे लागतात. जुना पत्ता सुटायला मात्र वर्ष लागते आणि त्याला कारण आहे. बँकेचे स्टेटमेंट दर महिन्याला येते. पण दुचाकीच्या विम्याची आठवण, आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची सूचना, शेअर घेतलेल्या कंपनीच्या वार्षिक सभेचे पत्र वर्षातून एकदाच उगवते. पत्ता कोणाकोणाला दिला आहे हे आठवून कागदावर लिहायला बसले, तर वीस-पंचवीस नावांवर गाडी अडते. उरलेली नावे जुन्या पत्त्यावर येणारी मेलच सांगते. म्हणून पत्ता बदलण्याचे काम हे मुख्यतः त्या मेलवर नजर ठेवण्याचे काम आहे.

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार जीमेलवरून जीमेलवर जाण्याचा. कॉलेजात गंमत म्हणून घेतलेला पत्ता नोकरीच्या अर्जावर लिहायला नको वाटतो, किंवा पत्त्यात लग्नाआधीचे आडनाव असते. अशा वेळी पहिले पाऊल जुन्या खात्यात टाकायचे असते. संगणकावर जीमेल उघडून सेटिंग्जमधील Forwarding and POP/IMAP या भागात नवा पत्ता जोडावा लागतो. मोबाइलच्या ॲपमध्ये ही सोय नाही. नव्या पत्त्यावर खातरजमेची मेल येते, तिच्यातील लिंक दाबायची असते. पुष्कळजण इथेच थांबतात आणि मेल पुढे का येत नाही म्हणून बुचकळ्यात पडतात. जुन्या खात्यात परत जाऊन मेलची प्रत पुढे पाठवण्याचा पर्याय निवडणे आणि पानाच्या तळाशी Save Changes दाबणे बाकी असते. त्याच ओळीत मूळ प्रतीचे काय करायचे हेही विचारले जाते. ती इनबॉक्समध्येच ठेवावी. पुढे काही हरवले तर ताडून बघायला ती उपयोगी पडते.

आता नव्या खात्यात एक फिल्टर. पुढे पाठवलेल्या मेलवर ‘प्रति’ म्हणून जुनाच पत्ता राहतो, त्यामुळे अशी मेल वेगळी ओळखता येते. शोधाच्या चौकटीत जुना पत्ता असा लिहायचा:

```
to:juna@example.com
```

या शोधावरून फिल्टर बनवून त्याला ‘जुना पत्ता’ असे लेबल लावायचे आणि Never send it to Spam या चौकोनातही खूण करायची. ही खूण का, ते समजून घेण्यासारखे आहे. मेल स्वीकारणारी यंत्रणा दोन गोष्टी तपासते. मेल ज्या सर्व्हरवरून आली, त्याला पाठवणाऱ्याने परवानगी दिली आहे का, ही पहिली. फॉरवर्ड केलेली मेल पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून न येता मधल्या खात्याच्या सर्व्हरवरून येते, त्यामुळे या तपासणीत ती नापास होऊ शकते. दुसरी तपासणी मेलवरच्या डिजिटल सहीची. मजकुराला हात लागला नसेल तर ही सही वाटेत टिकते. बँकांच्या मेलवर सहसा अशी सही असते. एखादी पतसंस्था किंवा शाळा ती लावत नसेल, तर नेमकी तिचीच मेल स्पॅममध्ये जाऊन पडते. दोन्ही खाती वेगवेगळ्या कंपन्यांची असली की हा त्रास अधिक होतो.

दुसरी फट जुन्या खात्यात आहे. तिथे जी मेल स्पॅम ठरते, ती पुढे पाठवलीच जात नाही, आणि स्पॅममधील मेल जीमेल 30 दिवसांनी कायमची काढून टाकते. म्हणून दर तीन आठवड्यांनी जुन्या खात्यात शिरून स्पॅमवर नजर टाकायला हवी. कॅलेंडरमध्ये आठवण लावली नाही तर हे काम राहते, असाच अनुभव आहे.

समजा, नाशिकच्या एका शिक्षिकेने 1 एप्रिलला पत्ता बदलला. पहिल्या महिन्यात लेबलखाली साठ मेल जमल्या. त्यांतल्या चाळीस जाहिराती. तिथे नवा पत्ता द्यायचा नाही, सरळ सदस्यत्व रद्द करायचे. मित्र, नातेवाईक आणि पालकांच्या दहा मेलना नव्या पत्त्यावरून उत्तर दिले की त्यांच्याकडे नवा पत्ता आपोआप पोचतो. उरलेल्या दहा संस्थांच्या: बँक, वीजबिल, म्युच्युअल फंड, गॅस. यांच्याकडे एकेक करून पत्ता बदलावा लागतो, आणि ते जुने खाते चालू असतानाच, कारण बदलाची खातरजमा किंवा ओटीपी अनेकदा जुन्या पत्त्यावर येतो.

इथे एक गुंता हमखास होतो. एकाच संस्थेकडे पत्ता दोन ठिकाणी असू शकतो: लॉगिनसाठी एक, पत्रव्यवहारासाठी दुसरा. म्युच्युअल फंडात तो फोलिओला जोडलेला असतो, म्हणून एका फंडात बदलला की दुसऱ्यात बदलतोच असे नाही. बदल नोंदवला गेल्याची पावती हा पुरावा नव्हे. पुढची मेल लेबलाशिवाय आली तरच काम झाले. लेबल लागून आली तर पत्ता कुठेतरी अजून जुनाच आहे.

जून संपता संपता लेबलखाली आठवड्याला एखादीच मेल येऊ लागते आणि काम संपल्यासारखे वाटते. मग विवरणपत्र भरल्यावर प्राप्तिकर खात्याची सूचना जुन्या पत्त्यावर येते. प्रोफाइलमधील संपर्काची माहिती बदलायची राहिलेली असते. ऑक्टोबरात स्कूटरच्या विम्याची आठवण येते. मार्चमध्ये, वर्ष संपायला दोन आठवडे उरले असताना, आरोग्य विम्याची सूचना येते. ती हुकली असती तर प्रकरण महागात पडले असते. वार्षिक हप्त्याच्या आरोग्य विम्याला मुदत संपल्यावर 30 दिवसांची सवलत मिळते. तीही टळली तर पॉलिसी बंद पडते आणि आधीच्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षाकाळ वाया जाऊ शकतो.

माणसांसाठी जुन्या खात्यात Vacation responder लावून नवा पत्ता कळवता येतो. तो एकाच व्यक्तीला चार दिवसांत एकदाच उत्तर देतो, त्यामुळे वैताग होत नाही. तो फक्त संपर्कयादीतल्यांपुरता ठेवावा. अनोळखी पाठवणाऱ्यांना नवा पत्ता आपणहून देण्यात शहाणपण नाही.

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या पत्त्याला यातले बरेचसे लागू पडत नाही. तिथे फॉरवर्डिंगची किल्ली संस्थेच्या हाती असते आणि नोकरी सुटली की खाते बंद होते. बँक आणि विम्याला तो पत्ता दिला असेल तर राजीनाम्याआधीच बदलावा लागतो.

बारा महिने झाल्यावर शेवटच्या तिमाहीत लेबलखाली फक्त जाहिराती आल्या असतील, तर स्वयंचलित उत्तर बंद करायला हरकत नाही. खाते मात्र काढून टाकू नये. त्याला फोटो, ड्राइव्ह, फोनचे लॉगिन जोडलेले असू शकते, आणि एखाद्या विसरलेल्या संकेतस्थळाचा पासवर्ड बदलायची लिंक तिथेच येणार असते. सोडून दिलेले खातेही कायम राहत नाही: सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल हटवू शकते, आणि नुसती मेल पुढे जात राहणे म्हणजे वापर नव्हे. त्यासाठी मधूनमधून त्या खात्यात स्वतः शिरावे लागते.